सर्वांत वरची ओली जागा

सिंकखालच्या कपाटात पाणी दिसलं की आपण आधी फडकं घेतो. ओल पुसतो, डबे-बाटल्या बाहेर काढतो, पाइप हलवून पाहतो, नट हाताने आवळतो, आणि मग प्लंबरला फोन करतो. तो येईपर्यंत कपाट कोरडं ठाक झालेलं असतं. गळती कुठून आहे हे सांगणाऱ्या बहुतेक खुणा त्या फडक्याबरोबर निघून गेलेल्या असतात. नटाखाली सुकलेली क्षारांची बारीक रेघ, पाइपच्या पोटाला लटकलेला थेंब, प्लायवरच्या डागाची कडा हे सगळं पुसण्याआधी फोटोत आलं, तर अर्धा शोध तिथेच लागतो. म्हणून कपाट उघडल्यावर हातात फडक्याआधी फोन हवा.

फोटोत काय शोधायचं हे कळायला सिंकखाली दोन वेगवेगळी पाणी असतात हे लक्षात घ्यावं लागतं. एक येणारं पाणी. भिंतीतून अँगल कॉक बाहेर येतो, त्याला कनेक्शन पाइप लागतो आणि तो वर नळाला जातो. नळ बंद असला तरी या भागात पाण्याचा दाब कायम असतो. गच्चीवरची टाकी दहा मीटर वर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलोचा दाब रात्रंदिवस त्या रबरी वॉशरवर असतो. त्यामुळे या बाजूची गळती घरात कुणी नसतानाही चालू राहते. दुसरं जाणारं पाणी. सिंकच्या जाळीखालचं वेस्ट कपलिंग, त्याखाली बॉटल ट्रॅप किंवा नुसता लवचीक वेस्ट पाइप, आणि शेवटी जमिनीतलं किंवा भिंतीतलं भोक. इथे दाब जवळपास नसतो. पाणी सोडलं की ते वाहून जातं आणि पाइप पुन्हा रिकामा होतो. त्यामुळे या बाजूची गळती भांडी घासताना दिसते आणि दुपारी थांबते.

याला एक अपवाद आहे. बॉटल ट्रॅपच्या खालच्या वाटीत वास अडवण्यासाठी पाणी कायम साठलेलं असतं. त्या वाटीची चकती नीट बसली नसेल, तर नळ न उघडताही थेंब पडत राहतात. पण आतलं पाणी थोडंच असतं. ते उतरलं की ठिबकणं थांबतं आणि गटाराचा वास यायला लागतो. ओल आणि वास एकत्र आले असतील, तर पहिला फोटो त्या वाटीच्या आट्यांचा काढावा.

आता मुख्य गोष्ट. थेंब जिथून पडतो, तिथे गळती क्वचितच असते. पाणी पाइपला, नटाला, ओट्याच्या खालच्या बाजूला चिकटून सरकत जातं आणि जिथे खाली उतरायला आणखी जागा उरत नाही तिथे सुटतं. कनेक्शन पाइप लांबीला जास्त असेल, तर तो खाली झुकून वळतो. त्या वळणाच्या सर्वांत खालच्या जागी थेंब लटकतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं पाइपच फुटला. वेस्ट पाइपच्या वळ्यांमध्ये पाणी एका वळीतून दुसरीत उतरत खूप खाली येऊन टपकतं. प्लायवरचा डाग तर याहूनही बेभरवशाचा, कारण प्लाय थोडासा कलता असला, तरी पाणी कलाच्या दिशेने जाऊन कोपऱ्यात साठतं. म्हणून डागापासून सुरुवात करायची नाही. ओल्या खुणा धरून वर वर जायचं आणि सर्वांत वरची ओली जागा कोणती ते शोधायचं. तिच्या वर सगळं कोरडं असेल, तर दोष तिथेच किंवा तिच्या लगेच वरच्या जोडात असतो.

फोटोत ही वरची जागा बहुतेक वेळा सुटते, आणि याचं कारण म्हणजे फोटो काढणारा उभा असतो. कपाटाच्या दारातून वाकून घेतलेल्या फोटोत पाइपची वरची बाजू दिसते, पाणी मात्र पोटाच्या बाजूने वाहत असतं. ओट्याच्या खालचा भाग, सिंकचं बूड, नळाखालचा नट हे या कोनातून दिसतच नाहीत. सोपा उपाय म्हणजे फोन पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, कपाटाच्या तळाशी पडदा वर करून आडवा ठेवायचा, आणि समोरच्या, म्हणजे सेल्फीच्या कॅमेऱ्याने टायमर लावून वरच्या दिशेचा फोटो घ्यायचा. आजवर मला सर्वांत उपयोगी पडलेले फोटो असेच काढलेले होते.

उजेडाचंही तसंच. फोनचा फ्लॅश समोरून पडला की पितळी आणि स्टीलच्या जोडांवर पांढरी चमक येते, आणि ती चमक आणि ओल यांत फरक करता येत नाही. फ्लॅश बंद ठेवून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बॅटरी बाजूने, पाइपला जवळजवळ समांतर धरायला सांगावी. तिरक्या उजेडात प्रत्येक थेंबाला सावली पडते आणि क्षारांचा खडबडीतपणा उठून दिसतो. रुंद दृश्य दाखवणारी लेन्स कपाटात सगळं मावतं म्हणून मोहात पाडते, पण तिच्यात कडा वाकतात आणि बारीक तपशील पुसट होतो. पूर्ण कपाटाचा एक फोटो तिने घ्यावा, बाकीचे साध्या लेन्सने थोडं मागे राहून घ्यावेत.

फोटो दुसऱ्याला पाठवायचे असतील, तर वेळ फोटोतच यायला हवी. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की त्याच्याबरोबरची वेळेची नोंद गळून पडते आणि बारकावेही कमी होतात. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ रूपात जातो. तरी सर्वांत भरवशाचं म्हणजे कागदाच्या तुकड्यावर तारीख आणि वेळ लिहून तो चौकटीत ठेवणं. डागाच्या कडेने प्लायवर पेन्सिलने रेघ मारून तिच्याजवळही वेळ लिहावी. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत डाग रेघेबाहेर गेला असेल, तर गळती जिवंत आहे. रेघेच्या आत आक्रसला असेल, तर तुम्ही जुन्याच पाण्याची ओल पाहत आहात. नुसत्या डोळ्याने हा फरक आठवणीवर ठरवावा लागतो आणि आठवण इथे फसवते.

रंगही बोलतात. पांढरा, खडूसारखा थर म्हणजे बहुधा येणारं पाणी हळूहळू झिरपून वाळलेलं आहे. बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत हा थर लवकर जमतो, कारण पाणी उडून जातं आणि त्यातले कॅल्शियमचे क्षार मागे राहतात. थर जाड असेल, तर गळती जुनी आहे आणि इतकी मंद की थेंब पडण्याआधीच सुकते. अशा जोडाला फोटोत पाणी दिसणारच नाही, फक्त थर दिसेल. राखाडी-काळपट, चिकट ओघळ जाणाऱ्या पाण्याचा, त्यात तेल आणि खरकटं असतं. पितळी नटावर हिरवट छटा म्हणजे त्या जागी ओल बराच काळ टिकून आहे. तांबूस गंज दिसला, तर जवळपास लोखंडी काय आहे ते पाहावं. कधी तो सिंक धरून ठेवणाऱ्या क्लिपच्या स्क्रूचा असतो, कधी कनेक्शन पाइपच्या जाळीच्या टोकाशी असतो. दुसऱ्या प्रकारात पाइप बदलायला टाळाटाळ करू नये, कारण जाळी तुटली की आतली रबरी नळी एकट्याने तो दाब फार काळ पेलत नाही.

एका घराचे फोटो सविस्तर पाहू. पुण्यातल्या माझ्या आतेबहिणीच्या ट्रॉलीखाली उजव्या मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग पडला होता. प्लंबर येऊन वेस्ट पाइप बदलून गेला. आठवड्याभरात डाग परत आला. त्याने वेस्ट कपलिंगच्या नटाभोवती पांढरं सिमेंट लावलं. डाग तरीही आला. मग तिने मला फोटो पाठवले आणि लिहिलं, “दादा, भांडी घासली की येतं, दुपारी थांबतं. म्हणजे वेस्टचंच असणार ना?”

तिचा तर्क बरोबर होता, फक्त अपुरा. भांडी घासताना तीन गोष्टी एकदम घडतात. नळ उघडा असतो, सिंकमधून पाणी खाली जात असतं, आणि ओट्यावर पाणी उडत असतं. या तिसऱ्या पाण्याचा विचार प्लंबरने केला नव्हता.

तिच्या फोटोंपैकी एकात कनेक्शन पाइपच्या वळणाला थेंब लटकलेला स्पष्ट दिसत होता. त्याच फोटोत अँगल कॉकचा नट आणि त्याखालचा पाइप कोरडा, मातकट होता. पाणी अँगल कॉककडून आलं असतं, तर तो धुळीचा थर तिथे टिकला नसता. म्हणजे पाणी पाइपच्या दुसऱ्या टोकाकडून, नळाच्या बाजूने उतरत होतं. वेस्ट पाइप नवा असल्यामुळे त्याच्यावरचा प्रत्येक ओघळ दिसला असता, पण तो वरपासून खालपर्यंत स्वच्छ होता. दोन वेळा दुरुस्त झालेली बाजू या फोटोंनी बाद झाली.

तिला मी खालून वर पाहणारा फोटो मागितला. तिचा नळ ओट्याला साधारण 35 मिलिमीटरचं भोक पाडून बसवलेला आहे, उंच मानेचा, स्वान नेक म्हणतात तो. खाली ग्रॅनाइटच्या भोकातून नळाचा दांडा बाहेर येतो, त्याला धरून ठेवणारा मोठा नट असतो, आणि दांड्याच्या टोकाला कनेक्शन पाइपचा नट. नव्या फोटोत कनेक्शन पाइपच्या नटावर पांढरा थर होता. इथे थांबलं असतं, तर पाइपचं वॉशर बदलून काम झालं असं वाटलं असतं. पण फोटो मोठा करून पाहिल्यावर दिसलं की पांढरी रेघ त्या नटापाशी सुरूच होत नव्हती. ती वरच्या मोठ्या नटाच्या कडेवरून, ग्रॅनाइटच्या भोकाच्या काठापासून निघाली होती आणि दांड्यावरून खाली आली होती. सर्वांत वरची ओली जागा ओट्याच्या जाडीत होती.

फोटोवरून इतकं कळलं. पण फोटो शंका देतो, खात्री द्यायला पाण्याला प्रश्न विचारावा लागतो. सगळं पुसून कोरडं केल्यावर तिने पांढऱ्या टिश्यू पेपरच्या दोन पट्ट्या रबरबँडने बांधल्या. एक दांड्याभोवती, मोठ्या नटाच्या लगेच खाली, आणि दुसरी कनेक्शन पाइपच्या नटाखाली. टिश्यू ओला झाला की गडद आणि अर्धपारदर्शक होतो, त्यामुळे फोटोत चटकन कळतो. रात्री दहा वाजता फोटो घेतला, अँगल कॉक उघडाच ठेवला, आणि सकाळी सहापर्यंत सिंक कुणी वापरलं नाही. सकाळच्या फोटोत दोन्ही पट्ट्या कोरड्या. रात्रभर दाब होता तरी थेंब नाही, म्हणजे कनेक्शन पाइप, त्याची दोन्ही वॉशर आणि अँगल कॉक निर्दोष.

मग सिंकमध्ये मोठं पातेलं ठेवून त्यात नळ हळू सोडला, कुठेही पाणी उडणार नाही असा, आणि पातेलं भरल्यावर ते सिंकमध्ये ओतलं. पट्ट्या कोरड्याच राहिल्या. नळाचं आतलं अंग सुटलं, आणि वेस्टची बाजू तर फोटोंनी आधीच बाद झाली होती. शेवटी नळ बंद ठेवून तांब्याभर पाणी नळाच्या बुडाभोवती ओट्यावर ओतलं. दोन-तीन मिनिटांनी काढलेल्या फोटोत वरची पट्टी ओली होती, खालची अजून कोरडी. थोड्या वेळाने खालचीही भिजली. क्रम महत्त्वाचा होता, आणि तो दोन फोटोंनी पकडला.

दोष नळाच्या बुडाखालच्या रबरी चकतीत होता. मोठा नट सैल पडल्याने नळ हाताने किंचित हलत होता, चकती एका बाजूने उचलली गेली होती, आणि ओट्यावर साचलेलं पाणी भोकात उतरत होतं. बहिणीने प्लंबरला ते दोन फोटो दाखवले. त्याने नळ काढून भोक कोरडं केलं, नवी चकती बसवली, नळ सरळ धरून नट आवळला आणि बुडाभोवती सिलिकॉनची बारीक रेघ ओढली. सिलिकॉनला पृष्ठभाग पूर्ण कोरडा लागतो आणि लावल्यावर एक दिवस पाणी लागू द्यायचं नसतं. या दोन्ही गोष्टी घाईत टाळल्या जातात आणि मग महिन्याभरात रेघ सुटून येते.

वेस्टच्या बाजूचा दोष शोधतानाही हीच पद्धत चालते, फक्त पाण्याला रंग द्यावा. स्टीलच्या सिंकला बूच लावून ते भरावं आणि त्यात कपड्यांना वापरतात ती पातळ नीळ काही थेंब टाकावी. टिश्यूच्या पट्ट्या कपलिंगच्या नटाखाली आणि प्रत्येक जोडाखाली बांधाव्यात. सिंक भरलेलं असतानाच कपलिंगची पट्टी निळी झाली, तर जाळीखालचं पाणी बाहेरून निसटतं आहे. बूच काढल्यावर खालची पट्टी निळी झाली, तर तो जोड. पाणी अगदी काठापर्यंत भरल्यावरच रंग दिसला, तर ओव्हरफ्लोच्या नळीकडे पाहावं. आणि पट्ट्या सगळ्या पांढऱ्या राहून जमिनीजवळच्या भोकातून निळं पाणी वर आलं, तर पाइप गळत नसून पुढे तुंबलं आहे. तिथे नट आवळून काही होणार नाही, ती नळी साफ करावी लागेल.

या निमित्ताने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. टेफ्लॉन टेप आट्यांमधून पाणी अडवते, आणि अँगल कॉक भिंतीत बसवताना ती हवीच. पण कनेक्शन पाइपचा नट आणि बॉटल ट्रॅपचे जोड आट्यांनी पाणी अडवत नाहीत, आतल्या रबरी वॉशरने अडवतात. तिथे कितीही टेप गुंडाळली तरी वॉशर वाकडं बसलं असेल, तर पाणी येणारच. फोटोत अशा नटाच्या कडेने टेपचे पांढरे धागे डोकावताना दिसले, तर तिथे आधी कुणीतरी चुकीचा इलाज केला आहे आणि मूळ दोष बहुधा तसाच आहे. पांढरं सिमेंट किंवा एम-सील लावलेल्या जोडाचा फोटो तर निरुपयोगीच ठरतो, कारण गोळ्याखालून पाणी कुठे निघतं ते दिसत नाही आणि ते गोळ्याच्या कडेने भलतीकडे फुटतं. जोड उघडून ते खरवडून काढल्याशिवाय पुढचा शोध घेऊ नये.

थेंब आणि दव यांतही गल्लत होते. सिंकमध्ये बर्फ किंवा फ्रीजरमधलं भांडं ठेवलं की स्टीलच्या बुडाला खालून घाम फुटतो आणि तळाशी पाणी पडतं. असं दव सारख्या आकाराच्या बारीक थेंबांनी सगळ्या थंड भागावर पसरतं, अगदी वरच्या कडेलाही. गळतीचं पाणी एका जागेपासून सुरू होऊन खालीच जातं. जवळून घेतलेल्या फोटोत हा फरक लगेच दिसतो.

फोटोची मर्यादा भिंतीशी येते. अँगल कॉकच्या मागे गोल चकती असते, फ्लँज. तिच्या खालच्या कडेपासून पांढरी किंवा तांबूस रेघ निघाली असेल, तर भिंतीतला जोड किंवा त्यात घातलेला निपल पाझरतो आहे, हे फोटो दाखवू शकतो. पण भिंतीवर नुसती ओल असेल, पोपडे आले असतील आणि रेघ कुठेच नसेल, तर प्लास्टरने पाणी शोषून चारी बाजूंना, वरही, पसरवलेलं असतं. तिथे सर्वांत वरची ओली जागा काहीच सांगत नाही. अशा वेळी अँगल कॉक रात्रभर बंद ठेवा. ट्रॉलीतलं ठिबकणं थांबलं, तर दोष कॉकच्या पुढे आहे. चालूच राहिलं, तर दुसऱ्या रात्री घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून पेन्सिलच्या रेघेचे फोटो दोन्ही सकाळी ताडून पाहा. मुख्य व्हॉल्व्ह बंद असतानाही डाग पुढे सरकला, तर घरातल्या नळांचा संबंध कमी उरतो आणि वरच्या मजल्याची नहाणी, शेजारची डक्ट किंवा बाहेरच्या भिंतीतली भेग तपासावी लागते. शोषलेलं पाणी भिंतीतून उतरायला वेळ लागतो, त्यामुळे एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नये, निदान तीन-चार सकाळचे फोटो घ्यावेत. वरच्या घरी जाताना ते तारखेसह जवळ असले, तर बोलणं डागाच्या आकारावरून सुरू होतं आणि त्यांच्या बाथरूममध्येही टिश्यूची पट्टी बांधून पाहायला ते सहसा तयार होतात.